जळगावच्या लग्नातलं डेकोरेशन: ठरलं काय, आलं काय, बिल किती झालं

आजचा भाग रिव्ह्यूचा आहे, पण हॉटेलचा किंवा मोबाईलचा नाही. लग्नातल्या डेकोरेटरचा. माझ्या मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात जळगावला झालं, मुलाकडची मंडळी धुळ्याची. डेकोरेशनचं काम बघायची जबाबदारी माझ्याकडे होती. डेकोरेटरचं नाव मी घेणार नाही, कारण आज मला कुणाला बदनाम करायचं नाहीये. त्याने काय सांगितलं होतं, काय दिलं आणि शेवटी किती पैसे मागितले, एवढं सांगतो. सीझनमध्ये तुमच्याही घरी लग्न असेल, तर यातलं बरंच तुम्हाला ओळखीचं वाटेल.

कोटेशन ९०,००० रुपयांचं होतं. स्टेज ५५,०००, एंट्री गेट १५,०००, सप्तपदीचा मांडव १२,०००, हळदीचं डेकोरेशन ५,००० आणि नवरदेवाची गाडी ३,०००. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं होतं, सोबत स्टेजचा फोटो. आता हा फोटो म्हणजे काय, तर सगळ्यांकडे असतो तोच. इंस्टाग्रामवरचा. मागे पूर्ण फुलांची भिंत, मधे पांढरी ऑर्किडं, वरून खाली सोडलेल्या माळा.

इथेच पहिली गंमत असते. फोटोतली भिंत खऱ्या फुलांची आहे की आर्टिफिशियल, हे फोटोत कळत नाही. आमचं स्टेज २४ फूट रुंद होतं. एवढी पूर्ण भिंत ताज्या फुलांची करायची तर बजेट कुठच्या कुठे जातं. त्यामुळे ठरलं असं, की मधला ८ बाय ८ फुटांचा भाग ताज्या जरबेराचा, त्यात १० बंडल खरं ऑर्किड, आणि दोन्ही बाजूंना आर्टिफिशियल. यात फसवणूक काहीच नाही, सगळे असंच करतात. फक्त कुठपर्यंत खरं आणि कुठून खोटं, हे फुटांत लिहिलेलं पाहिजे. ‘ताजी फुलं वापरू’ या वाक्याला काही अर्थ नसतो.

आता हे मोजायचं कसं, ते सांगतो. जरबेराचं फूल साधारण चार इंचांचं असतं. म्हणजे एका फुटात तीन, आणि एक चौरस फुटात तीन गुणिले तीन, नऊ फुलं बसतात. ८ बाय ८ म्हणजे ६४ चौरस फूट. गुणिले नऊ, ५७६ फुलं. जरबेरा दहा-दहाच्या बंडलमध्ये येतो, म्हणजे ५८ बंडल. हा हिशोब मी त्याच्यासमोर केला होता आणि तो ‘हो दादा, बरोबर’ म्हणाला होता.

लग्नाच्या दिवशी स्टेज तयार झाल्यावर मी जवळून फोटो काढला आणि एक फुटाच्या चौकोनात फुलं मोजली. तीन ठिकाणी मोजली. कुठे सहा, कुठे पाच, कुठे सहा. मधल्या जागेत कामिनीचा पाला आणि जिप्सो भरलेला. लांबून बघितलं तर भिंत भरगच्चच दिसते, खोटं कशाला बोलू. पण सहाने धरलं तरी ३८४ फुलं झाली. एक तृतीयांश माल कमी. ऑर्किड तर दहाच्या जागी चारच बंडल खरं होतं, बाकी कापडी. हात लावला की कळतं.

बरं, कमी का आलं? आळशीपणा हे एकच कारण नाही. जळगावात भारी फुलं पिकत नाहीत. जरबेरा, डच गुलाब हे पॉलिहाऊसचं पीक, ते नाशिक-पुण्याच्या बाजूने येतं. ऑर्किड त्याहून लांबून. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी तिकडच्या मार्केटला भाव चढतात, आणि डेकोरेटर आदल्या दिवशी ठरवतो की बंडल कमी उचलू, पाला भरून काढू. त्याला वाटतं कोण मोजतंय.

मग येतो ताजेपणा. मे महिन्यात जळगाव म्हणजे ४३-४४ डिग्री. भुसावळ-जळगावच्या उन्हाबद्दल मी तुम्हाला काय सांगू! या उन्हात फूल टिकवणं खरंच अवघड काम आहे, आणि डेकोरेटरची खरी पारख इथेच होते.

फुलं स्टेजवर खोचतात त्या हिरव्या स्पंजच्या विटा तुम्ही बघितल्या असतील. ती वीट पाण्यावर नुसती ठेवायची आणि आपोआप बुडू द्यायची. दोन-तीन मिनिटांत बुडते. घाईत पोरं ती हाताने दाबून पाण्यात घालतात. बाहेरून ओली दिसते, पण आत हवा अडकते आणि मधला भाग कोरडाच राहतो. दांडी त्या कोरड्या भागात गेली की दोन तासांत फूल मान टाकतं. आमच्या स्टेजच्या डाव्या बाजूला नेमकं हेच झालं. उजवीकडची फुलं ताठ, डावीकडच्या जरबेराच्या माना खाली. फुलं एकाच गाडीतली होती, म्हणजे फुलांचा दोष नाही, हाताळण्याचा दोष. शिवाय हॉलवाल्याने डावीकडचा कूलर थेट स्टेजवर मारलेला, तो मी फिरवून घेतला. कूलरचा झोत अंगाला बरा वाटतो, फुलाला नाही.

गुलाब ताजा आहे का, हे बघायचं तर पाकळ्या बघू नका. पाकळीच्या खाली, देठाला लागून जो भाग असतो तो दोन बोटांनी हलका दाबा. टणक असेल तर ताजा, मऊ लागला तर दोन-तीन दिवसांचा. वरून पाणी मारलेला गुलाब सगळाच ताजा दिसतो. निशिगंधाच्या कळ्यांच्या कडा तपकिरी झाल्यात का, तेवढं बघा. झेंडूला फारसं बघावं लागत नाही, तो बिचारा दिवसभर टिकतो.

आणि आता कौतुक. एंट्री गेट एक नंबर होतं. त्याने केळीचे खांब लावले होते, त्याच सकाळी यावल रोडकडच्या एका शेतातून आणलेले. घड काढून झालेली झाडं. वर आंब्याची तोरणं आणि झेंडू. दुपारी दोनला जसं होतं तसंच रात्री दहाला. केळीच्या खांबात पाणीच पाणी असतं, त्याला ऊन काय करणार? धुळ्याच्या पाहुण्यांनी सगळ्यात जास्त सेल्फी तिथेच काढले, आणि ऑर्किडचं कुणी नावही घेतलं नाही. पूर्ण लग्नच या मालावर केलं असतं तर निम्म्या पैशांत झालं असतं, असं माझं मत आहे. पण नवरीला ऑर्किड पाहिजे होतं, आणि लग्न तिचं होतं.

वेळेचं सांगतो. गोरज मुहूर्त होता, संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. स्टेज चारला तयार पाहिजे, असं लिहिलेलं, कारण वरात धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत पाचपर्यंत येणार आणि त्याआधी नवरीचे फोटो काढायचे होते. हॉल आम्हाला सकाळी नऊला मिळाला. फ्रेम, कापड, लाईट दुपारी दोनपर्यंत झालं. खरी फुलं शेवटी लावतात ते बरोबरच आहे, या उन्हात सकाळी लावली तर संध्याकाळी त्यांचा चहा होईल. पण फुलं लावणारी चार पोरं साडेतीनला आलीच नाहीत. फोन केला की एकच उत्तर: ‘व्हई जाई दादा.’ त्यांच्या त्या दिवशी तीन ऑर्डरी होत्या आणि फुलांची टीम एकच. हे नंतर एका पोरानेच सांगितलं. स्टेज पावणेसहाला झालं. लग्न वेळेवर लागलं, पण नवरीचे एकटीचे फोटो गेले. म्हणून बुकिंग करताना ‘त्या दिवशी किती ऑर्डरी आहेत’ असं विचारू नका, ‘फुलं लावणारी माणसं किती आणि आमच्याकडे किती वाजता येणार’ असं विचारा.

आणि सगळ्यात वाईट भाग. साडेतीनला पोरं आली नाहीत, पण सव्वाचारला डेकोरेटर आला. फुलांची गाडी हॉलच्या गेटवर उभी, आणि तो काकांना, म्हणजे नवरीच्या वडिलांना, बाजूला घेऊन म्हणाला की फुलांचा भाव वाढलाय, ऑर्किड ७०० रुपये बंडल झालं, जनरेटर वेगळा लागला, एकूण १६,५०० वरचे होतील, आत्ता दिले तर गाडी खाली करतो.

विचार करा, वरात एरंडोलला पोहोचलीये, आणि बापाने काय करायचं? काकांचा हात खिशाकडे गेलाच होता. मी एवढंच म्हणालो, ‘भाऊ, हे सगळं मला मेसेजवर टाका, प्रत्येकाचा आकडा वेगळा. जे बसेल ते कार्य झाल्यावर देऊ. गाडी खाली करा, ६०,००० तुमच्याकडे गेलेत.’ ३०,००० बाकी होते, त्यामुळे त्यालाही गाडी परत नेणं परवडणार नव्हतं. त्याने मेसेज टाकला आणि गाडी खाली झाली. बाकी रक्कम कार्यानंतर द्यायची हे आधी ठरलेलं होतं म्हणून हे जमलं. सगळे पैसे आधी गेले असते तर काही बोलता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बसून हिशोब केला. जास्तीचे तीन आकडे होते. हॉलच्या पॅसेजमध्ये माळा लावल्या, त्याचे ३,५००. हे आमच्याच आत्याबाईंनी दोन दिवस आधी मेसेजवर सांगितलं होतं, त्यामुळे पूर्ण दिले. जनरेटरचे ४,०००. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता, आणि हॉलचा जनरेटर फक्त हॉलच्या लाईटपुरता होता. त्याने विचारलं नाही, हॉलवाल्याने सांगितलं नाही, म्हणून निम्मे, २,०००. फुलांच्या भाववाढीचे ९,००० मात्र नाही. भाव चढणार हे धंद्यातल्या माणसाला आधीच माहीत असतं, कोटेशन त्यासाठीच असतं. भाव पडला असता तर त्याने आम्हाला पैसे परत दिले असते का? उलट सहा बंडल ऑर्किड आलंच नाही, त्याच्याच मेसेजमधला ७०० चा भाव लावून ४,२०० कापले. ९०,००० अधिक ३,५०० अधिक २,०००, वजा ४,२००, झाले ९१,३००. म्हणजे त्याला ३१,३०० द्यायचे राहिले. जरबेराचे फोटो दाखवले, पण त्याचे पैसे काकांनी कापू दिले नाहीत.

तो तासभर भांडला. जीएसटीही काढला. मी म्हणालो, जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल द्या, बोलू. तो विषय तिथेच संपला.

नसता ऐकला तर? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, आधी तिथे तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पण तिथे कोटेशनचा मेसेज, ठरलेला फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा लागतो. रोख दिलेत आणि तोंडी ठरवलंय, तर सिद्ध काय करणार?

या डेकोरेटरला मी पुन्हा काम देईन का? गेट, हळद, मांडव यासाठी देईन, हात चांगला आहे. मे महिन्यात ताज्या फुलांचं स्टेज नाही देणार. चार दिवसांनी त्याचाच मेसेज आला, गेटचे चांगले फोटो असतील तर पाठवा, पेजवर टाकायचेत. पाठवले. स्टेजचे त्याने मागितले नाहीत.