नव्वद सेकंदांचं आमंत्रण

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला बोलायला सांगितलंय ते आमंत्रणाच्या व्हिडिओबद्दल. तुम्ही पाहिलात तो दुसरा. पहिला आम्ही पाठवलाच नाही. का, ते सांगते.

पहिला मी पुण्यात बसून एका रात्रीत केला. सुरुवातीला ताडोबाचा वाघ, मग आपल्यातले डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, 'दहावी उत्तीर्ण बॅच 1995, लवकरच भेटूया!' पाठवण्याआधी तीन मैत्रिणींना दाखवला. दोघींना आवडला. तिसरी गडचिरोलीकडे असते. ती म्हणाली, "चांगला हाय वं. पण मी त नापास झाली होती. माह्यं काय काम तिथं?"

वर्षानुवर्षं माझ्या बाकावर बसलेली ही मुलगी. मी लिहिलेल्या एका शब्दानं तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी व्हिडिओ पुसून टाकला.

दुसऱ्या वेळी आधी चित्रं शोधली नाहीत, आधी कागदावर लिहिलं. नियम एकच ठेवला, सगळ्यांच्या वाट्याला जे आलं तेच दाखवायचं. वाघ काही आपल्या शाळेत आला नव्हता, तो गेला. हुद्दे गेले. मिनिटाला शंभरेक शब्द हा माझा वाचायचा वेग. नव्वद सेकंदांत दीडशे बसले असते, पण जुन्या फोटोत आपला चेहरा शोधायला माणसाला वेळ लागतो. म्हणून शब्द निम्म्याच्या आसपास आणले. तो मजकूर असा होता:

(काळा पडदा. रुळाच्या तुकड्यावर घंटेचे टोल.)
"ओळखलीत?"

(पहाटेचं जटपुरा गेट, सायकली.)
"उन्हाळ्यातली सकाळची शाळा. उशीर झाला की गेटातच सायकली अडकायच्या."

(खिडकीच्या चौकटीवर बोट फिरतं, काळं होतं.)
"रोज पुसायचो, रोज काळं व्हायचं. कोळशाच्या गावात शिकलो आपण."

(वर्गाचा एकमेव फोटो. पंधरा सेकंद फक्त चित्र.)
"1995 साली दहावीच्या वर्गात जे जे बसले, ते सगळे. पास, नापास, मध्येच शाळा सोडलेले. सगळे."

(पांढऱ्या पडद्यावर मोठी अक्षरं.)
"रविवार, 28 डिसेंबर 2025. सकाळी 10 वाजता. आपली शाळा, चंद्रपूर. 30 नोव्हेंबरपर्यंत या दोनपैकी कोणत्याही नंबरवर फोन करा आणि फक्त नाव सांगा."

आता शेवटच्या भागाबद्दल. 'लवकरच' या शब्दावर कोणी रजा टाकत नाही. वार, तारीख आणि साल तिन्ही लिहिलं, कारण व्हिडिओ पुढे पाठवताना खालचा मजकूर गळून पडू शकतो आणि 'येत्या रविवारी' म्हटलं तर महिन्यानंतर पाहणाऱ्याला कोणता रविवार ते कळत नाही. जे चुकायला नको, ते चित्रातच हवं. ते बोललेलंही हवं, कारण काहींना बारीक अक्षरं दिसत नाहीत. आणि लिहिलेलंही हवं, कारण कार्यालयात बसलेला माणूस आवाज बंद करून पाहतो. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणून दिवाळीतच पाठवला.

नोंदणीत मात्र मी, सॉफ्टवेअरमधली बाई, पुन्हा चुकले. व्हिडिओत क्यूआर कोड टाकला. माझ्या भावानं विचारलं, "ज्या फोनवर व्हिडिओ पाहतोय, त्याच फोननं तो स्कॅन कसा करू?" व्हिडिओतल्या लिंकवरही बोट दाबून काही उघडत नाही. तिकडे फॉर्ममध्ये ईमेल भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. म्हणून कोड काढला, ईमेलची अट काढली आणि दोन फोन नंबर दहा सेकंद पडद्यावर स्थिर ठेवले, म्हणजे कागद-पेन शोधून लिहून घेता येतील. फॉर्म ठेवला, पण फोन आला की तो आम्हीच भरायचा. जंगलभागात जिथे व्हिडिओ उतरायला वेळ लागतो, तिथे नुसता आवाज वेगळा पाठवला. मजकूर ऐकूनही पुरा कळत होता, म्हणून ते जमलं.

तिसऱ्या मैत्रिणीनं दुसरा व्हिडिओ पाहिला आणि दोन दिवस काहीच बोलली नाही. मग नोंदणीच्या नंबरवर फोन आला. तिनं फक्त नाव सांगितलं, माहेरचं.

ती आज इथे बसली आहे. कोण ते सांगणार नाही, तसं कबूल केलंय.

पुढच्या वर्षी 1996 च्या बॅचचा मेळावा आहे म्हणतात. त्यांना हा मजकूर हवा असेल तर खुशाल घ्या. तारीख आणि नंबर तेवढे बदला. 'सगळे' हा शब्द मात्र राहू द्या.