नळी निघाली, आकडा हरवला: आयसीयूनंतरच्या जेवणाबद्दल

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आयसीयू आणि वॉर्ड, दोन्हीकडे माझी रोजची फेरी असते. आज बोलायचंय ते एका दिवसाबद्दल. बरेच दिवस आयसीयूत काढलेला पेशंट ज्या दिवशी वॉर्डात येतो, तो दिवस. घरचे खूश असतात, डॉक्टर खूश असतात, आणि नेमक्या त्याच दिवसापासून पेशंटचं खाणं निम्म्यावर येतं. का येतं आणि ते कसं थांबवायचं, एवढंच सांगणार आहे.

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय 58. न्यूमोनिया झाला, तो बिघडला, व्हेंटिलेटर लागला. 16 दिवस व्हेंटिलेटर, मध्ये ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र. एकूण 23 दिवस आयसीयू. दाखल होताना वजन 60 किलो होतं. आयसीयूत नाकातल्या नळीतून, म्हणजे आपण ज्याला राइल्स ट्यूब म्हणतो तिच्यातून, त्यांना रोज साधारण 1500 कॅलरी आणि 75 ग्रॅम प्रोटीन मिळत होतं. तासाला किती मिली गेलं हे चार्टवर लिहिलेलं असायचं. शेवटच्या दोन दिवसांत फिजिओने त्यांना पलंगाशेजारी उभंसुद्धा केलं होतं.

मग ते वॉर्डात आले. ट्रान्सफर समरी तीन पानांची. अँटिबायोटिक कोणती, किती दिवस, कल्चरचे रिपोर्ट, सगळं व्यवस्थित. आहाराबद्दल एकच ओळ: ‘सॉफ्ट डाएट, सोसेल तसं.’ दुसऱ्या दिवशी नळी काढली, कारण काका तोंडाने खायला लागले होते. माझ्यापर्यंत निरोप आला सहाव्या दिवशी, आणि तोही फिजिओकडून. ती म्हणाली, “मॅडम, आयसीयूत उभे राहत होते, आता बसवलं तरी कलंडतात.”

मी काकूंना विचारलं, “काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा. काय दिलं ते नको, पोटात काय गेलं ते.” काकूंनी सगळं नीट सांगितलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. मग अर्धी प्लेट उपमा. अकराला शहाळ्याचं पाणी. दुपारी पातळ वरण-भाताचे सात-आठ घास. चारला पुन्हा चहा-बिस्किट. संध्याकाळी तांदळाची पेज. रात्री थोडी खिचडी, अर्धा कप दूध. हिशोब केला: प्रोटीन जेमतेम 20 ते 22 ग्रॅम, कॅलरी साडेसहाशेच्या आसपास. आणि सिस्टरच्या चार्टवर काय होतं? ‘तोंडाने घेतात, ठीक.’ खोटं काहीच नव्हतं. काका खरंच तोंडाने घेत होते. किती घेतात, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण ‘किती’शी ताडून बघायला आकडाच समोर नव्हता.

आता, आकडा किती असायला हवा होता? आयसीयूत गंभीर आजाराच्या काळात आपण साधारणपणे हळूहळू वाढवत किलोमागे दिवसाला 1.3 ग्रॅम प्रोटीनपर्यंत जातो. बरं होण्याच्या टप्प्यात तज्ज्ञ त्याहून जास्त सुचवतात, 1.5 ते 2 ग्रॅम, काही जण त्याच्याही वर. काकांसाठी मी 1.5 धरलं: 60 किलोला 90 ग्रॅम. कॅलरी किलोमागे 30, म्हणजे 1800. त्यांच्या पोटात जात होतं या प्रोटीनच्या पावभर.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण नातेवाईक गुगल करून येतात. ‘जास्त प्रोटीन म्हणजे जास्त चांगलं’ असं नाही. 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला, 16 देशांतले सुमारे 1300 पेशंट. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना किलोमागे 2.2 ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन देण्याचं ठरवलं, तर ते लवकर घरी गेले का? नाही. उलट ज्यांच्या किडनीला आजारात मार बसला होता त्यांचं नुकसान होत असल्याची चिन्हं दिसली. म्हणजे आजाराचा जोर असताना शरीर जादा प्रोटीन वापरू शकत नाही. जोर ओसरला की गरज वाढते. वॉर्डासाठीचे आकडे बरेचसे तज्ज्ञांच्या अनुभवावर आणि तर्कावर उभे आहेत, इतक्या मोठ्या चाचण्यांवर नाहीत. म्हणून मी दीडने सुरुवात करते, दोनने नाही. आणि क्रिअ‍ॅटिनिन चढलेलं असेल तर किडनीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही. पण 90 की 100 हा वाद नंतरचा. काकांचा प्रश्न 90 की 20 असा होता.

घाई कशासाठी? लंडनच्या एका गटाने 2013 साली सोनोग्राफीने मांडीचा स्नायू मोजला होता. आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत त्याचा छेद सरासरी 17 ते 18 टक्क्यांनी कमी झाला. काकांनी तर 23 दिवस काढले होते. हे वजनकाट्यावर नीट दिसत नाही, कारण आयसीयूत अंगावर पाणी चढतं. काकांचं वजन तिथे 59 दाखवत होतं. वॉर्डात सूज उतरली आणि काटा 53 वर आला. सगळे घाबरले, पण ते सहा किलो सहा दिवसांत गेले नव्हते. स्नायू आधीच गेला होता, पाण्याने तो झाकला होता. म्हणून मी वजनापेक्षा दोन साध्या गोष्टी बघते: पोटरीचा घेर टेपने, आणि खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं. काकांचं उत्तर होतं, शून्य.

मग आम्ही काय केलं? पहिलं, बारीक नळी पुन्हा घातली. काका नाराज झाले. म्हणाले, “म्हणजे मी परत मागे गेलो का?” मी म्हटलं, “काका, दिवसा तुम्ही जेवायचं, नळी फक्त रात्रपाळी करणार.” रात्री 10 ते सकाळी 6, तासाला 75 मिली, म्हणजे 600 मिली दाट फीड. त्यातून साधारण 900 कॅलरी आणि 40 ग्रॅम प्रोटीन. पलंगाचं डोकं वर. दिवसा फीड बंद, म्हणजे भूक मरत नाही.

पण हे पहिल्या रात्रीपासून पूर्ण दिलं नाही. सहा दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येऊ शकतं. त्याचा त्रास हृदयाला आणि श्वासाच्या स्नायूंना होतो. म्हणून आधी थायमिन, रोज रक्ततपासणी, आणि पहिल्या तीन रात्री निम्मंच फीड. फॉस्फेट एकदा उतरलं, ते भरून काढलं, मग पुढे गेलो.

दुसरं, ताट बदललं. त्याआधी गिळण्याची तपासणी करून घेतली. ट्रेकिओस्टॉमीनंतर हे विसरू नका, पाणी पिताना ठसका लागतो का, आवाज ओला येतो का, ते बघा. काकांना पातळापेक्षा मऊ-घट्ट पदार्थ सोपे जात होते. तेही आमच्या पथ्यावर पडलं, कारण पातळ म्हणजे पाणी जास्त, प्रोटीन कमी. पेज, शहाळं, साबुदाणा, सूप: आजारी माणसाला आपण प्रेमाने हेच देतो. पोट भरतं, प्रोटीन जवळजवळ नाही. त्याऐवजी सकाळी दोन अंड्यांची मऊ भुर्जी, 12 ग्रॅम. दीडशे मिली दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर, 10 ग्रॅम. दुपारी घट्ट वरण आणि 50 ग्रॅम कुस्करलेलं पनीर, मिळून 15. चारच्या चहाऐवजी पुन्हा तेच पावडर घातलेलं दूध. रात्री मुगाची दाट खिचडी आणि दही. प्रत्येक वेळी थोडंच, पण दाट. सुरुवातीला यातलं निम्मंच जायचं, म्हणून तर रात्रीची नळी.

तिसरं, फिजिओची वेळ आणि खाण्याची वेळ जोडली. स्नायूला काम मिळालं नाही तर नुसत्या प्रोटीनने तो वाढत नाही. सकाळी अकराला उभं राहण्याचा व्यायाम, लगेच दूध. आधी असं व्हायचं की जेवणाच्या वेळेला काकांना एक्सरेला न्यायचे आणि परत येईस्तोवर ताट गेलेलं असायचं.

बाराव्या दिवशी सलग तीन दिवस तोंडाने 70 ग्रॅमच्या वर गेलं, म्हणजे ठरलेल्याच्या तीन चतुर्थांश. तेव्हा नळी काढली. आमचा नियम आता हाच आहे: ‘खायला लागले’ म्हणून नळी निघत नाही, ‘इतकं खाल्लं’ म्हणून निघते. घरी गेले तेव्हा काका खुर्चीतून हात न टेकता चार वेळा उठत होते. चारच. पण शून्यावरून.

यानंतर आम्ही ट्रान्सफर समरीत एक छोटी चौकट घातली. काकांसाठी ती अशी भरली गेली असती:

दाखल होतानाचं वजन 60, आजचं 59, अंगावर सूज आहे.
रोजचं लक्ष्य: 1800 कॅलरी, प्रोटीन 90 ग्रॅम.
गेल्या तीन दिवसांत प्रत्यक्ष मिळालं: 1500 कॅलरी, 75 ग्रॅम, सगळं नळीतून.
गिळणं: तपासणी बाकी. तोपर्यंत तोंडाने काही नाही.
नळी: तोंडाने 75 टक्के सलग तीन दिवस गेल्यावरच काढावी.
आज कुठवर: आधाराने एक मिनिट उभे. पुढची आहारतपासणी: 48 तासांत.

सहा ओळी आहेत, भरायला पाच मिनिटं लागतात. यातली तिसरी ओळ सगळ्यांत जास्त वेळा रिकामी राहते, आणि मला सगळ्यांत आधी तीच हवी असते. लक्ष्य काय ते मी वजनावरून काढू शकते. खरंच किती पोटात गेलं, ते फक्त आयसीयूलाच माहीत असतं.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाचं माणूस आत्ता आयसीयूतून बाहेर येत असेल, तर वॉर्डात पोचल्यावर डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना एवढं विचारा: यांचं रोजचं प्रोटीन किती ठरलंय, आणि काल किती गेलं? एक वही ठेवा. ताटात काय आलं ते लिहू नका, ताटातून काय संपलं ते लिहा. काकूंनी अशी वही ठेवली होती. ओपीडीत येतात तेव्हा अजून घेऊन येतात.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.