पाळी कोणाची आधी?

समजा, मनाच्या आजारांवरील उपचार सहा जिल्ह्यांत न्यायचे आहेत. पण शिकवून तयार केलेली माणसे एका वेळी एकाच जिल्ह्याला पुरतात. मग चिठ्ठ्या टाकून दर चार महिन्यांनी एकेक जिल्हा घ्यावा. याला पायरीपायरीची चाचणी म्हणतात. गांबियात १९८६ पासून ब प्रकारच्या काविळीची लस अशीच टप्प्याटप्प्याने दिली गेली.

आता हिशेब पाहा. पहिल्या जिल्ह्यात शंभरांत वीस जण खिन्नतेने आजारी होते, ते चौदा झाले. सहा कमी झाले, हे सेवेचेच यश का? नव्हे. त्याच चार महिन्यांत थांबलेल्या जिल्ह्यांतही विसाचे सोळा झाले, कारण सुगी आली होती! म्हणजे चार काळाचे, दोनच सेवेचे. नुसते आधी-नंतर मोजले, तर फसगत ठरलेली. शिवाय जिल्हे सहाच, तेव्हा हजारो माणसे मोजली तरी अंदाज कच्चाच राहतो.

आणि थांबलेल्यांचे काय? पाळी सेवेची असते, जिवाची नव्हे. मोजणीत कोणी जीव देण्याची भाषा केली, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचवलेच पाहिजे. मग आकडे थोडे बिघडले तरी चालतील.