आवाज ‘चिपमंक’ झालाय? पिच नाही, लेबल बदला

आजचा भाग त्या फाइलींबद्दल, ज्या एडिटरमध्ये टाकल्या की माणूस कार्टूनसारखा किचकिच बोलायला लागतो, नाहीतर एकदम जड, झोपाळलेल्या आवाजात.

आमच्याकडे गेल्या महिन्यात अशीच फाइल आली. वरसावे नाक्यावर, जिथे घोडबंदर रोड अहमदाबाद हायवेला भेटतो, तिथे माझ्या मित्राने एका ट्रकचालक काकांशी गप्पा मारल्या. गाड्यांचा आवाज इतका, की त्याने काकांच्या कानात ब्लूटूथ इयरफोन घातला आणि त्याच्याच माइकवर फोनमध्ये रेकॉर्ड केलं. काका माल घेऊन गुजरातकडे निघून गेले, म्हणजे दुसरी संधी नाही. फाइल उघडली तर वीस मिनिटांच्या गप्पा सव्वासात मिनिटांत संपल्या, तेही चिपमंकच्या आवाजात!

हे का होतं ते सांगतो. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मापं. एका सेकंदात किती मापं, हा झाला सॅम्पल रेट. फाइलच्या सुरुवातीला हा आकडा लेबलसारखा लिहिलेला असतो, आणि प्लेअर त्या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. बऱ्याच ब्लूटूथ इयरफोनचा माइक बोलताना सेकंदाला १६००० मापं देतो. आमच्या फाइलवर लेबल होतं ४४१०० चं. म्हणजे जवळपास पावणेतीन सेकंदांची मापं एका सेकंदात वाजत होती. म्हणून वेगही वाढला आणि सूरही चढला.

ओळखायची खूण हीच: वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदललेत का? नुसता वेग वाढलाय आणि आवाज माणसाचाच वाटतोय, तर बहुतेक प्लेअर १.५ एक्सवर आहे. तो आजार वेगळा.

आता खरा रेट कसा काढायचा? त्यासाठी रेकॉर्डिंग खरंच किती वेळ चाललं ते माहीत हवं. मित्राच्या फोनमध्ये सुरू केल्याची वेळ ४:१० होती, बंद केल्याची ४:३०. म्हणजे १२०० सेकंद. फाइल दाखवत होती ७ मिनिटं १५ सेकंद, म्हणजे ४३५. हिशोब असा:

```
44100 × 435 ÷ 1200 = 15986
```

उत्तर नेमकं येणार नाही, कारण घड्याळातली वेळ अंदाजे असते. जवळचा प्रचलित रेट धरायचा: ८०००, १६०००, २२०५०, ३२०००, ४४१०० किंवा ४८०००. आपला १६०००.

ऑडॅसिटीमध्ये ट्रॅकच्या नावावर टॅप करा, `Rate` मध्ये जा आणि 16000 निवडा. झालं! लांबी वीस मिनिटांच्या आसपास आली आणि काकांचा आवाज परत काकांचा झाला. इथे मापांना हात लागत नाही, फक्त लेबल बदलतं. `Tracks` मेन्यूमधलं `Resample` मात्र वापरू नका. ते चुकीचं लेबल खरं मानून नवी मापं तयार करतं, त्यामुळे चिपमंक तसाच राहतो. पिच खाली ओढणारा इफेक्टही नको. त्याने सूर उतरेल, पण वेग तसाच राहील.

कमांड वापरणाऱ्यांसाठी:

```
ffmpeg -i kaka.wav -af asetrate=16000,aresample=44100 kaka_ok.wav
```

यात आधी लेबल दुरुस्त होतं, मग फाइल ४४१०० मध्ये नीट रूपांतरित होते. मूळ फाइल जपून ठेवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: ४४१०० आणि ४८००० ची गल्लत कानाला पटकन कळत नाही. ४८००० च्या वीस मिनिटांच्या फाइलवर ४४१०० चं लेबल लागलं, तर ती २१ मिनिटं ४६ सेकंदांची होते आणि आवाज किंचित जाड वाटतो. अनोळखी माणसाचा आवाज असेल तर तुम्हाला तो तसाच वाटेल. म्हणून घड्याळाशी ताडून बघाच.

दुसरी: इयरफोन मध्येच जोडला किंवा सुटला असेल, तर अर्धी फाइल बरोबर आणि अर्धी चूक असू शकते. तेव्हा बिघाड सुरू होतो तिथे ट्रॅक कापा, तो तुकडा वेगळ्या ट्रॅकवर न्या आणि फक्त त्याचाच `Rate` बदला.

आणि एक मर्यादा. १६००० च्या रेकॉर्डिंगमध्ये ८००० हर्ट्झच्या वरचा आवाज मुळात नसतोच. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ थोडे बोथट ऐकू येतील. लेबल सुधारून ते परत येत नाहीत. पण काकांचा प्रत्येक शब्द कळतो, आणि मुलाखत वाचली.

अशी फाइल तुमच्याकडे पडून असेल, तर डिलीट करण्याआधी तेवढा भागाकार करून बघा. भेटू पुढच्या भागात!