गाउटचा झटका आणि वरणाची वाटी

रात्री जेवून स्वस्थ निजलेला मनुष्य पहाटे दोनच्या सुमारास एकाएकी जागा होतो. पायाचा अंगठा लाल होऊन सुजलेला असतो आणि पांघरुणाचा स्पर्शही त्याला सोसवत नाही. आठ-दहा दिवसांत दुखणे आपोआप ओसरते आणि काही महिन्यांनी पुन्हा परतते. या रोगास पाश्चात्य वैद्यकात गाउट म्हणतात. आपल्या जुन्या वैद्यकातील वातरक्ताचे वर्णन याच्याशी बरेच जुळते. रक्तात युरिक आम्ल फार झाले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, आणि त्या स्फटिकांवर शरीराने केलेला हल्ला म्हणजेच हा झटका होय.

युरिक आम्ल होते प्युरीन नावाच्या द्रव्यापासून. हे द्रव्य प्रत्येक सजीव पेशीच्या केंद्रात असते, म्हणून ते मांसात आहे तसेच भाजीतही आहे. एवढे कानी पडताच पुष्कळ घरांतील स्वयंपाकघराची रीत पालटते. ज्या अन्नात प्युरीन ते अन्न वर्ज्य, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब कोठे चुकतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

पुण्यातील एक पन्नाशीचे गृहस्थ कल्पावे. पहिला झटका आल्यावर घरच्यांनी त्यांच्या पानातून वरण, मसुरीची आमटी, मटकीची उसळ, पालक, फ्लॉवर आणि टोमॅटो ही सर्व काढून टाकली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दहीताकही बंद झाले. रविवारची कोंबडीची कलेजी मात्र ‘आठवड्यातून एकदाच’ म्हणून राहिली, आणि वरणाने भरणारे पोट भरेना म्हणून दुपारी बाटलीबंद गोड पेय सुरू झाले. सहा महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा युरिक आम्ल होते तेथेच होते आणि दरम्यान दुसरा झटका येऊन गेला होता.

आता आकडे पाहावेत. युरोपात वापरल्या जाणाऱ्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम अन्नापासून होणारे युरिक आम्ल कोरड्या मसुरीत सुमारे १२७ मिलीग्रॅम, पालकात सुमारे ५७, फ्लॉवरमध्ये सुमारे ५१ आणि टोमॅटोत अवघे ११ आहे. कोंबडीच्या कलेजीत ते सुमारे २४३ आणि वासराच्या कलेजीत ४६० च्या आसपास भरते. मसुरीचा आकडा पाहून पुष्कळ जण दचकतात. परंतु तो कोरड्या डाळीचा आहे, आणि शिजलेल्या आमटीच्या वाटीत कोरडी डाळ २५ ते ३० ग्रॅमच असते. म्हणजे एका वाटीपासून चाळीसच्या आतच मिलीग्रॅम होतात. दोन वेळची आमटी आणि १०० ग्रॅम पालक मिळून सुमारे १३०, तर दीडशे ग्रॅम कलेजीच्या एका बशीपासून सुमारे ३६५ मिलीग्रॅम. या गृहस्थांनी लहान वाट्या सोडल्या आणि मोठी बशी ठेवली.

हा भेद केवळ मापाचा नाही. अमेरिकेत दंतवैद्य, औषधशास्त्रज्ञ, पशुवैद्य अशा आरोग्यव्यवसायातील ४७,१५० पुरुषांच्या आहाराची १२ वर्षे नोंद ठेवण्यात आली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या अवधीत ७३० जणांना प्रथमच गाउट झाला. ज्यांच्या आहारात मांस आणि मासळी अधिक होती, त्यांच्यात तो अधिक आढळला. परंतु वाटाणे, कडधान्ये, पालक, अळंबी, फ्लॉवर अशा प्युरीनयुक्त वनस्पती अधिक खाणाऱ्यांत रोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दूध आणि दही, विशेषतः साय काढलेले, अधिक घेणाऱ्यांत तर रोग कमीच आढळला. म्हणजे या गृहस्थांचे ताक विनाकारण बंद झाले होते.

ज्यास रोग आधीच जडला आहे, त्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाउटच्या ६३३ रुग्णांच्या झटक्यापूर्वीच्या दोन दिवसांतील आहाराची तुलना त्यांच्याच निरोगी दिवसांतील आहाराशी करण्यात आली. प्राणिज प्युरीन सर्वांत अधिक खाल्लेल्या दिवसांनंतर झटक्याचा संभव, सर्वांत कमी खाल्लेल्या दिवसांच्या मानाने, सुमारे २.४ पट आढळला. वनस्पतिज प्युरिनाबाबत तोच आकडा सुमारे १.४ पट होता. तेव्हा डाळीचा परिणाम अगदीच शून्य आहे असे म्हणता येत नाही, तथापि तो फार सौम्य आहे. रोजची वाटी सोडावी असा त्याचा अर्थ होत नाही. एकाच दिवशी उसळ, पिठले आणि डाळीचे वडे यांची रेलचेल करू नये, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

वनस्पतींच्या पक्षालाही अपवाद आहेत. यीस्ट ही सूक्ष्म बुरशी प्युरिनाने भरलेली असते, म्हणून तिचा अर्क आणि यीस्टने आंबवलेली बिअर ही दोन्ही टाळावीत. बाटलीबंद गोड पेयांत प्युरीन मुळीच नसते, परंतु त्यांतील फ्रुक्टोज नावाची साखर यकृतात मोडताना युरिक आम्ल वाढवते. गृहस्थांनी वरणाच्या जागी जे घेतले, तेच अधिक अपायकारक होते. टोमॅटो आणि पालक यांच्यावरील राग बहुधा दुसऱ्याच रोगाच्या पथ्यातून उसना आलेला आहे. मूत्रपिंडातील एका जातीच्या खड्यांत ऑक्झलेट असते आणि पालकात ते पुष्कळ असते. ज्यास तसा खडा आहे त्याने पालक जपून खावा, पण ते पथ्य गाउटचे नव्हे. मूत्रपिंडे अधू असतील, तर डाळींचे प्रमाण वैद्याकडूनच ठरवून घ्यावे.

शेवटी पथ्याची मर्यादा. शरीरात रोज होणाऱ्या युरिक आम्लापैकी सुमारे दोन-तृतीयांश आपल्याच पेशींच्या झिजेतून येते आणि एक-तृतीयांशच अन्नातून. म्हणून कडक पथ्याने रक्तातील प्रमाण बहुधा एखाद्या मिलीग्रॅमनेच उतरते. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलीग्रॅमच्या वर ते विरघळून राहू शकत नाही, आणि उपचाराचे उद्दिष्ट ६ च्या खाली आणण्याचे असते. ज्याचे प्रमाण साडेआठ आहे, त्याने डाळ सोडून ते ६ वर येणार नाही. त्यास अॅलोप्युरिनॉलसारखे औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. औषधाच्या आरंभीच्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात, तेव्हा घाबरून ते सोडू नये. ऐन झटक्यात केलेली रक्ततपासणी फसवी असते, कारण त्या वेळी प्रमाण पुष्कळदा खाली गेलेले असते. ती दोन आठवड्यांनी पुन्हा करावी.

त्या गृहस्थांच्या घरी मग कलेजी आणि गोड पेय बंद झाले, वैद्याचे औषध सुरू झाले, आणि वरण, पालक व ताक पानात परत आले. कोणत्या दिवशी काय खाल्ले आणि झटका केव्हा आला, याची वही त्यांनी ठेवली. एखादा पदार्थ खरोखरच बाधत असेल, तर तो त्या वहीत वारंवार झटक्याच्या आदल्या दोन दिवसांत दिसेल. तसा तो दिसेपर्यंत वरणाच्या वाटीवर आरोप ठेवण्यास आधार नाही.