टिक केली कुणी?
मोबाईलवर तिकीट काढताना वाढणाऱ्या रकमेबद्दल

(मालवण परिसरातील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी एका छोट्या चौकोनाबद्दल बोलणार आहे. मोबाईलवर तिकीट काढताना, सामान मागवताना, पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर तो चौकोन दिसतो. त्यात टिकची खूण असते आणि ती आपण केलेली नसते. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: प्रवास विमा, अमुक संस्थेला देणगी, प्रायॉरिटी सेवा. ती खूण काढली नाही तर तेवढे पैसे आपल्या खात्यातून जातात.

आपल्या भागात हा विषय घरोघरी आहे. मालवण, कणकवली, कुडाळहून मुंबईला जाणाऱ्या खासगी बसचं तिकीट आता मोबाईलवर निघतं. कोकण रेल्वेचं तसंच. चिपी किंवा मोपाहून विमान पकडायचं असेल तरी तिकीट मोबाईलवरच. आणि घरात हे काम कुणाकडे येतं? तुमच्याकडे. आपा सांगते, चाचा सांगतात, "बेटा, माझं तिकीट काढून दे." म्हणजे पैसे त्यांचे आणि बोट तुमचं. म्हणून त्या बोटाला हिशेब माहीत हवा.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, ते कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. समजा, एका घरातली चार माणसं ईदनंतर मालवणहून मुंबईला एसी बसने परत चालली आहेत. यादीत एका सीटचं भाडं ९५० रुपये दिसतं. चार सीटचे झाले ३८०० रुपये. नावं, वय, फोन नंबर भरले. शेवटच्या पानावर खाली मोठं बटण आहे, त्यावर लिहिलंय: ४३८७ रुपये भरा.

इथं बहुतेक जण म्हणतात, "टॅक्स असेल," आणि पुढे जातात. थांबा. ४३८७ मधून ३८०० वजा केले तर ५८७ रुपये उरतात. या ५८७ मधल्या प्रत्येक रुपयाला नाव मिळालं पाहिजे. एकूण रकमेजवळ छोटा बाण किंवा 'फेअर डिटेल्स' असं काहीतरी असतं. ते दाबलं की फोड दिसते. एसी बसवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे १९० रुपये. तो कर आहे, टाळता येत नाही. प्रवास विमा १९ रुपये, पण माणशी, म्हणून ७६. 'फ्री कॅन्सलेशन' ७९ रुपये, तेही माणशी, म्हणून ३१६. आणि देणगी ५ रुपये. बेरीज करा: १९०, ७६, ३१६ आणि ५, बरोबर ५८७. यातले ३९७ रुपये आपण मागितलेल्या गोष्टींचे नाहीत.

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, चौकोनाशेजारी दर माणशी लिहितात आणि तो प्रवाशांच्या संख्येने गुणला जातो. एकटा प्रवास करणाऱ्याला जे किरकोळ वाटतं, ते चौघांच्या कुटुंबाला चौपट पडतं. दुसरी, 'फ्री कॅन्सलेशन' हे नाव. फ्री म्हणायचं आणि त्याचेच ३१६ रुपये घ्यायचे. ते घेण्यासारखं आहे का, हे ठरवायला त्या बसचे तिकीट रद्द करण्याचे नियम उघडून बघा. समजा नियम असा आहे की बस सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत रद्द केलं तर भाड्यातून १० टक्के कापतील. ३८०० चे १० टक्के म्हणजे ३८०. म्हणजे ३८० रुपये वाचतील या आशेवर आपण ३१६ आधीच देऊन बसलो. तिकीट रद्द केलं नाही तर ३१६ गेलेच, आणि रद्द केलं तरी फायदा ६४ रुपयांचा. अगदी शेवटच्या तासांत रद्द केल्यास कपात जास्त असते, तेव्हा या सोयीचा उपयोग होऊ शकतो. पण ती सोय स्वतः किती तास आधीपर्यंत चालते, हेही वाचावं लागतं.

आता कुणी म्हणेल, विमा वाईट आहे का? नाही. रेल्वेचंच बघा. आयआरसीटीसीवर ऑनलाइन तिकीट काढताना विम्याचा पर्याय येतो. त्याचा हप्ता माणशी ४५ पैसे आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला १० लाख रुपये मिळतात. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं. तो घेतला तर विमा कंपनीकडून एसएमएस किंवा ई-मेलवर लिंक येते, तिथे वारसाचं नाव भरायचं असतं. अनेक जण ते भरतच नाहीत. ज्याला विमा हवा त्याने तो जरूर घ्यावा, ज्याला नको त्याने घेऊ नये. कारण काहीही असो, ते त्याचं त्याने ठरवायचं. आपली तक्रार विम्याबद्दल नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने 'हो' म्हटलं, याबद्दल आहे.

देणगीचंही तेच. सदका असो की जकात, देणाऱ्याची नियत आधी लागते. नजर चुकवून कापलेल्या पाच रुपयांत नियत कुठून येणार? ज्याला द्यायचं आहे त्याने संस्थेचं नाव वाचून, स्वतः खूण करून द्यावं.

या प्रकाराला आपल्या कायद्यात जागा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यांत स्पष्ट म्हटलंय की ग्राहकाची संमती त्याने स्वतः केलेल्या उघड कृतीतूनच घ्यायची. ती आपोआप नोंदवायची नाही, आधीच टिक केलेल्या चौकोनातूनही नाही. मग ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या १३ युक्त्यांची यादी त्यांत आहे. त्यांतली एक 'बास्केट स्नीकिंग', म्हणजे ग्राहकाच्या टोपलीत गुपचूप माल टाकणं. ग्राहकाच्या संमतीविना पैसे भरताना वस्तू, सेवा किंवा देणगी वाढवणं, असा तिचा अर्थ तिथं दिलाय.

हे कागदावरच राहिलेलं नाही. बुकमायशोवर सिनेमाच्या प्रत्येक तिकिटामागे 'बुक अ स्माइल' उपक्रमासाठी एक रुपया आपोआप वाढत होता. प्राधिकरणाने हस्तक्षेप केल्यावर तो रुपया ग्राहकाने स्वतः निवडायची गोष्ट झाली. इंडिगोच्या संकेतस्थळावर विमा नाकारायचा तर 'नाही, मी धोका पत्करतो' अशा अर्थाचं वाक्य निवडावं लागे. तेही बदलावं लागलं. नकार देणाऱ्याला लाजवणारी, घाबरवणारी अशी वाक्यं हीसुद्धा त्या १३ युक्त्यांपैकी एक आहे.

युरोपात २०१४ पासूनच आधी टिक केलेल्या चौकोनातून घेतलेले जादा पैसे ग्राहकाला परत मागता येतात. पण तिथंही चलाखी झाली. रायनएअर या विमान कंपनीच्या पानावर विमा नको असेल तर तो पर्याय देशांच्या यादीत शोधावा लागे. डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या मध्ये एक ओळ होती: 'माझा विमा काढू नका'. खूण काढली, पण नकार लपवला. म्हणून नुसता चौकोन शोधून भागत नाही.

मग शोधायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. पहिल्या पानावरचं भाडं गुणिले माणसं, हा आकडा आधी कागदावर लिहा किंवा स्क्रीनशॉट काढा. शेवटच्या पानावर फोड उघडा आणि वजाबाकी करा. नको ती खूण काढल्यावर एकूण रक्कम खरंच कमी झाली का, ते बघा. मागे जाऊन सीट किंवा तारीख बदलली तर फोड पुन्हा उघडा, कारण काढलेली खूण कधीकधी परत येते. आणि यूपीआयचा पिन टाकण्याआधी तिथली रक्कम तुमच्या हिशेबाशी ताडून बघा. तिथपर्यंत आपल्याला मागे फिरता येतं.

विमानाच्या तिकिटात प्रायॉरिटी चेक-इन, आधी चढण्याची सोय, जेवण, सीट, अशी पानांमागून पानं येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की अशा वेगळ्या सेवा प्रवाशाने मागितल्या तरच द्यायच्या. सीटच्या पानावर सगळ्या खुर्च्यांवर किमती दिसल्या तरी सीट विकत घेणं सक्तीचं नसतं. 'स्किप' हा शब्द बहुधा कोपऱ्यात, फिक्या रंगात असतो. तो शोधा. चेक-इन करताना सीट मिळते, फक्त ती आपल्या पसंतीची असेलच असं नाही.

एक मर्यादाही सांगतो. सगळीच जादा रक्कम या युक्तीत मोडत नाही. खरेदीच्या वेळी उघडपणे सांगितलेलं आवश्यक शुल्क यातून वगळलेलं आहे. 'कन्व्हिनियन्स फी' आपल्याला आवडणार नाही, पण ती सुरुवातीलाच सांगितली असेल तर ती गुपचूप टाकलेली म्हणता येत नाही. सुरुवातीला लपवून शेवटी दाखवली, तर मात्र ती 'ड्रिप प्रायसिंग' या दुसऱ्या युक्तीत येते. तक्रार लिहिताना हा फरक नीट मांडा, नाहीतर खरी तक्रारही कच्ची पडते.

पैसे गेलेच तर? आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नियमाप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. सोबत तीन गोष्टी जोडा: पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट, रकमेची फोड आणि पैसे भरल्याची पावती. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावा. तिथं मराठीतही बोलता येतं. consumerhelpline.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

१९ रुपयांसाठी कोण भांडणार, असं आपल्याला वाटतं. रक्कम एवढी छोटी ठेवण्याचं कारणच ते आहे. आपल्याला ती छोटी आहे. पण रोज हजार प्रवासी असतील तर रोजचे १९ हजार होतात. म्हणून पुढच्या वेळी चाचांचं तिकीट काढाल तेव्हा पैसे भरण्याआधी मोबाईल त्यांच्यासमोर धरा, फोड उघडा आणि विचारा, "चाचा, हे एवढे विम्याचे आहेत, हवाय का?" त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्या देखत खूण करा. नाही म्हटलं तर काढून टाका.