एकाच तापीच्या काठी : भूजल भरते कसे आणि उतरते का
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांची शेती तापीच्या वरच्या अंगाला, घर खालच्या अंगाला. म्हणून आज मी एकाच नदीच्या दोन टोकांना भूजलाचे काय झाले, एवढेच सांगणार आहे.

भूजल म्हणजे जमिनीखालचा तलाव नव्हे. वाळूच्या कणांमधील किंवा खडकाच्या भेगांमधील पोकळ्यांत साठलेले ते पाणी. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत, यावल आणि रावेर तालुक्यांत, नद्यांनी आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. डोंगरालगतच्या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. तेथे दगडगोटे आणि जाड वाळू यांचाच भरणा असल्याने डोंगरातून उतरलेले ओढ्यांचे पाणी त्यात झपाट्याने जिरते. तापीकडे यावे तसे वाळूच्या थरांवर चिकणमातीचे थर चढत जातात. शेतात पडलेला पाऊस या मातीतून खोलवरच्या वाळूपर्यंत फारसा पोहोचत नाही. तेथले पाणी प्रामुख्याने पायथ्याकडून, वाळूच्या थरांतून सरकत सरकत येते. भांड्याचे तोंड डोंगराशी आणि आपण ओंजळ भरतो ती दूर शेतात, असा हा प्रकार आहे.

आता जमाखर्च मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, एका गावाची जमीन 100 हेक्टर आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर आहे. बराचसा पाऊस वाहून जातो, बराचसा पिके आणि ऊन घेऊन जातात. सातवा हिस्सा, म्हणजे 100 मिलिमीटर, खाली मुरला असे धरू. गावात 20 हेक्टर केळी आहे आणि ती वर्षभरात विहिरींचे 1,000 मिलिमीटर पाणी फस्त करते. हा उपसा साऱ्या गावावर पसरला तर 200 मिलिमीटर होतो. तूट आली 100 मिलिमीटरची, म्हणजे चार बोटांएवढी.

परंतु विहिरीतील पातळी चार बोटे उतरत नाही. वाळूतून उपसता येण्याजोगे पाणी तिच्या आकारमानाच्या साधारण दहावा हिस्सा असते. म्हणून चार बोटे पाण्यासाठी एक मीटर थर रिकामा होतो. दहा वर्षांत दहा मीटर! काळ्या कातळात ही पोकळी शेकडा एक ते तीनच असल्याने तेथे पातळी याहून वेगाने कोसळते.

पातळी खाली गेली की शेतकरी विहिरीत आडवे-उभे बोअर घेतो, मग स्वतंत्र बोअर, मग आणखी खोल. चालू मोटरीभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खचते. शेजारच्या उथळ विहिरीचा तळ त्या नरसाळ्यात सापडला की ती कोरडी पडते. पहिला फटका बसतो तो खोल खोदण्यास पैसा नसलेल्याला. यावल-रावेर भागाची गणना सरकारी पाहणीत अतिशोषित क्षेत्रात झाली, ती याच वाटेने.

उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणून घाबरू नये, ते जातेच. खरी पारख पावसाळ्यानंतरची. दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये एकाच विहिरीत दोरी सोडून मोजावे. चांगला पाऊस होऊनही ऑक्टोबरची पातळी वर्षानुवर्षे खालीच राहत असेल, तर आपण व्याजावर नव्हे, मुदलावर जगत आहोत.

आता खालचे टोक पाहू. सुरत जिल्ह्यात काकरापारचा बंधारा आणि 1972 मध्ये पुरे झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी ऊसशेती फुलवली. तेथे कालव्यांतून आणि भरपूर भिजवलेल्या शेतांतून पाणी झिरपत राहिले, भूजल वर चढले आणि काही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. नदी एक, नियमही एक : भर उपशाहून अधिक झाली की पातळी चढते, उणी झाली की उतरते.

उपाय त्याच नियमातून निघतो. पुनर्भरण करायचे तर बझाड्यात. तापीकाठच्या चिकणमातीवर खोदलेले तळे खोल वाळूला फारसे पाणी देत नाही. कोरड्या विहिरीत पुराचे पाणी सोडायचे तर आधी ते वाळू-खडीच्या गाळणीतून न्यावे. नाहीतर गाळ बसून विहिरीची तोंडे कायमची बुजतात. पायथ्याशी तापीचे पुराचे पाणी जिरवण्याच्या महापुनर्भरण योजनेबाबत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे 2025 मध्ये करार झाला आहे. तिलाही मर्यादा आहे : पूर येईल त्याच वर्षी ती भरणार. ठिबकाचेही तसेच. वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली, तर उपसा होता तिथेच राहतो.

म्हणून गावाकडून फोन आला की नवा बोअर किती फूट गेला, एवढेच विचारू नका. ऑक्टोबरात दोरी किती भिजली, तेही विचारा.